पहिली कथा छापून आली, फोटोखाली काय लिहू?

हरिपूररोड

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, एका पतसंस्थेत काम करते. माझी पहिली कथा एका मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली आहे आणि अंक टपालानं घरी पोचला आहे. अनुक्रमणिकेत 'कथा' या शब्दाखाली आपलं नाव बघून जे वाटलं ते इथं लिहिता येत नाही. मासिकाचं नाव मुद्दाम देत नाही. सांगलीतलं लिहिणाऱ्यांचं वर्तुळ लहान आहे, लगेच ओळखतील.

कथेचं नाव 'पेव'. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्या हरिपूरला हळद जमिनीखाली साठवायची पद्धत होती. तिथली माती तशी आहे, की खोल खड्डा खणून कडेनं पाला आणि चटया लावून हळद भरली, तोंड मातीनं बंद केलं, तर ती वर्षानुवर्षं टिकायची. त्या खड्ड्याला पेव म्हणतात. २००५ च्या महापुरात बहुतेक पेवांत पाणी गेलं आणि ती निकामी झाली. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे, कारण आत कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच हमाल उतरायचा. माझ्या कथेतला हमाल कंदील सोडायच्या आधी उतरतो. का उतरतो, ते त्याची बायको सांगते.

आता हे फेसबुकवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचं आहे. आनंद लपवायचा नाही, पण मिरवल्यासारखंही दिसू नये. असा मजकूर लिहिलाय:

"नमस्कार! आपणा सर्वांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, माझ्या मोडक्यातोडक्या लेखणीतून उतरलेली एक छोटीशी कथा एका नामवंत दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली आहे. हा माझा पहिलाच वेडावाकडा प्रयत्न आहे, गोड मानून घ्यावा. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या आयुष्यात घडलेली ही सत्यघटना आहे. सर्व पानांचे फोटो सोबत देत आहे, वाचून अभिप्राय जरूर कळवा. आई-बाबा, गुरुजन आणि मित्रपरिवार यांचे मनःपूर्वक आभार."

कसं वाटतं? काय काढू, काय ठेवू?

---

भडंगवाला

आधी अभिनंदन ताई! दिवाळी अंकात कथा म्हणजे लई मोठी गोष्ट. मजकूर चांगला आहे, आहे तसाच टाका. 'मोडकंतोडकं' ठेवाच. आपल्याकडं स्वतःचं कौतुक केलेलं लोकांना खपत नाही. आधीच आपण खाली वाकलो की कोणी नावं ठेवत नाही.

---

जुना मुद्रितशोधक

अभिनंदन. मी बरीच वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

तुमचा मजकूर तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचून बघा. कथेचं नाव काय? मजकुरात नाही. अंक कोणता? 'एक नामवंत'. पान कितवं? अंक मिळतो कुठं? यातलं काहीच नाही. मजकूर थोडा लांबला की फेसबुक पहिल्या दोन-तीन ओळी दाखवतं आणि पुढं 'आणखी पहा' येतं. बहुतेक लोक तिथूनच पुढं सरकतात. तुमच्या त्या ओळी 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो' यात संपल्या. कथेचं नाव, तुमचं नाव, अंकाचं नाव आणि पान एवढं पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. अंकाचं नाव मुखपृष्ठावर जसं छापलंय तसंच लिहा, ऱ्हस्व-दीर्घासकट. पुढं कोणी शोधलं तर ते त्याच नावानं शोधणार.

आता 'मोडक्यातोडक्या' विषयी. ते काढा असं माझं मत आहे. भडंगवाला म्हणतात ती रीत आपल्याकडं आहे, नाकारत नाही. पण दिवाळी अंकाकडं कथांचा ढीग येतो. त्यातून संपादकानं तुमची वाचली, निवडली, कोणीतरी ती अक्षरजुळणीला घेतली, कोणीतरी मुद्रितं दोनदा वाचली, चित्रकारानं कथा वाचून चित्र काढलं. एवढ्या लोकांनी हात लावलेल्या गोष्टीला तुम्ही वेडीवाकडी म्हणालात, तर त्यांच्या निवडीलाही तसंच म्हटल्यासारखं होतं. शिवाय वाचणारा तुमचं म्हणणं खरं धरतो. वेडीवाकडी कथा तो कशाला वाचेल?

नम्रपणा दाखवायला दुसऱ्या जागा आहेत. घडलं तेवढंच सांगायचं, फुगवायचं नाही. 'नामवंत', 'प्रथितयश' ही विशेषणं अंकाला लावली की ती फिरून आपल्यालाच चिकटतात, तीही नकोत. आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं घ्यायची. संपादकांनी कथेत काही बदल सुचवला होता का? चित्र कोणाचं आहे? हे सांगा, मग पुढचं बोलू.

---

वाळव्याचा शेतकरी

मलाबी त्या मासिकाचा पत्ता द्या की. माझ्या ऊसतोडीवर आणि पाण्यावर बऱ्याच कविता आहेत. एका प्रातिनिधिक संग्रहात पैसे भरून दोन छापल्यात, प्रमाणपत्र आणि ट्रॉफी पण आली घरपोच. तो फोटो टाकताना मी 'राज्यस्तरीय निवड' असं लिहिलं तर चालेल ना? त्यांच्या प्रमाणपत्रावर तसंच आहे.

---

कृष्णाकाठची सुमन

दादा, धागा वेगळ्या प्रश्नाचा आहे, पण विचारलंत म्हणून सांगते. कविता तुमच्या आहेत आणि छापल्या गेल्या, हे खरं आहे, ते आनंदानं सांगा. फक्त पैसे भरले की सगळ्यांचीच घेतात, तिथं 'निवड' लिहू नका. 'अमुक संग्रहात माझ्या दोन कविता आहेत' एवढं पुरे. आणि एका कवितेतल्या आवडत्या चार ओळी खाली लिहा. ट्रॉफीपेक्षा लोक त्या वाचतील.

---

वाळव्याचा शेतकरी

बरं. चार ओळी टाकतो. पण पत्ता राहिला.

---

मिरजवेस

हरिपूररोड, पानांचे फोटो अजिबात टाकू नका! एकदा कथा छापली की तिचा हक्क मासिकाचा होतो. तुम्ही स्वतः लिहिलेली असली तरी परवानगी लागते. माझ्या ओळखीच्या एकाला असाच ताप झाला होता.

---

तासगावची वकीण

मिरजवेस, सल्ला बरोबर आहे पण कारण चुकलंय, आणि कारण चुकलं की नवा लेखक उगाच घाबरतो.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणं कथेचा पहिला मालक लेखकच. मासिकात पगारावर नोकरी करणाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरून पाठवणाऱ्याचा हक्क नुसतं छापल्यानं जात नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, सहीनिशी. तसं काही लिहून दिलं असेल आणि त्यात मुदत घातलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतो.

म्हणून हरिपूररोड, कथा पाठवताना किंवा स्वीकारल्याच्या पत्रात काय लिहिलं होतं ते आधी काढून वाचा. मासिकाच्या आवाहनात अटी असतात, त्याही वाचा. नुसतं 'कथा स्वीकारली आहे, दिवाळी अंकात घेत आहोत' असं असेल तर कथा तुमचीच आहे.

पण पानाचा फोटो म्हणजे नुसती कथा नाही. त्यावर चित्रकाराचं चित्र आहे, त्याचा हक्क वेगळा. ते तुम्ही वाटू शकत नाही.

---

जुना मुद्रितशोधक

वकीणबाईंनी नीट सांगितलं. त्यापुढची एक व्यवहाराची बाजू. दिवाळी अंकाची विक्री दिवाळीच्या आगेमागे काही आठवड्यांतच होते, नंतर तो क्वचितच विकला जातो. त्याच आठवड्यांत लेखकानंच सगळी पानं फेसबुकवर ठेवली तर संपादकाला वाईट वाटणार. कायद्यानं तो काही करू शकणार नाही कदाचित, पण पुढच्या वर्षी तुमची कथा हातात घेताना त्याला ते आठवेल.

दुसरं, बहुतेक अंक आणि स्पर्धा 'अप्रकाशित साहित्य' मागतात, आणि फेसबुकवर टाकलेलं पुष्कळ संपादक प्रकाशितच धरतात. ही कथा आता छापली आहे, हिला त्याची अडचण नाही. पण आनंदाच्या भरात 'ही वाचा, आणि माझी अजून एक कथा खाली देतेय' असं लोक करतात. ती दुसरी कथा मग कुठं पाठवता येत नाही.

मुखपृष्ठाचा एक फोटो, आणि कथेचं पहिलं पान, नाव आणि सुरुवातीचा परिच्छेद दिसेल एवढं. चित्र त्यात येणारच, म्हणून चित्रकाराचं नाव मजकुरात घ्या आणि संपादकांना 'एवढं टाकतेय, चालेल ना' असा एक निरोप पाठवा. फोटो काढताना अंक ज्या पाकिटातून आला ते बाजूला ठेवा. त्यावर तुमचा घरचा पत्ता चिकटवलेला असतो आणि पुष्कळ जण ते पाकीट हातात धरूनच फोटो टाकतात.

---

हरिपूररोड

सगळ्यांचे आभार. संपादकांचं ईमेल काढून वाचलं. त्यात स्वीकारल्याचं आणि मानधनासाठी बँकेचा तपशील पाठवा एवढंच आहे, हक्काबद्दल काही नाही.

बदल सुचवला होता. माझ्या मूळ कथेत शेवटी एक परिच्छेद होता, त्यात बायको पेवाच्या तोंडाशी उभी राहून नवऱ्याशी बोलते. संपादकांनी लिहिलं, की कंदील वर ओढला जातो तिथंच कथा संपतेय, पुढचं काढून बघा. मला दोन दिवस पटलं नाही. मग काढलं. आता छापलेलं वाचताना वाटतं, तेच बरोबर होतं. चित्रकारांचं नाव चित्राखाली बारीक अक्षरात आहे, तेही घेते.

---

नाट्यपंढरीची लेक

माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या मजकुरात एक वाक्य आहे, 'आमच्या गल्लीतल्या काकूंच्या आयुष्यात घडलेली सत्यघटना'. काकूंना विचारलंय का?

मी नाटकात काम करते. सांगलीत प्रेक्षक नाटक बघताना शेजारच्याला विचारतात, 'हे कोणावर हो?' कथेचं तर आणखी सोपं आहे. तुम्ही हरिपूर रोडला राहता, कथा हरिपूरच्या पेवातली, आणि वर गल्लीतल्या काकू म्हणताय. तुमच्या फेसबुकवरची निम्मी माणसं दहा मिनिटांत काकूंचं नाव काढतील. मग काकू भाजी आणायला गेल्या की कोणीतरी विचारणार.

---

हरिपूररोड

काकूंना मी लिहितेय हे माहीत आहे. पण छापून आलंय हे अजून सांगितलं नाही, आणि त्यांच्याबद्दल असं जाहीर लिहीन हे तर नाहीच विचारलं.

आणि खरं सांगायचं तर कथा त्यांची राहिलेली नाही. काकूंचे यजमान पेवात गेले नाहीत, गोदामात हृदयविकारानं गेले. पेवाचं सगळं मी हरिपूरच्या जुन्या हमालांकडून ऐकून लिहिलं. कथेतला व्यापारी कंदिलाला वेळ नाही म्हणून घाई करतो, तो तर पूर्ण माझ्या मनातला. काकूंचा त्यात एवढाच भाग, की नवरा गेल्यावर त्या आठवड्यातच पुन्हा हळद निवडायला गेल्या. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

---

नाट्यपंढरीची लेक

मग 'सत्यघटना' हे खरंही नाही आणि काकूंच्या दृष्टीनं बरंही नाही. तुम्ही ते का लिहिलं असेल ते कळतं. कथेला वजन येईल असं वाटतं. पण तुम्ही जे कल्पनेनं उभं केलंत, तो व्यापारी, ती घाई, तो कंदील, ते सगळं या एका शब्दानं काकूंच्या नावावर जातं. तुमची मेहनत पण त्यातच जाते. लोक म्हणणार, घडलं ते लिहिलं, त्यात काय.

---

तासगावची वकीण

आणि काकूंचे यजमान ज्यांच्याकडं कामाला होते ते व्यापारी? ते किंवा त्यांचं कुटुंब असेलच ना गावात. तुम्ही 'सत्यघटना' म्हणालात की कथेतला घाई करणारा व्यापारी म्हणजे तेच, असं लोक धरणार. खऱ्या माणसाकडं बोट जाईल असा आरोप झाला तर अब्रुनुकसानीचा प्रश्न येतो. माणूस वारलेला असला तरी येऊ शकतो, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलं असं दाखवता आलं तर. कथेत नाव नाही, म्हणून कथा सुरक्षित आहे. पण फोटोखालची ही एक ओळ तो धागा जोडून देते. खटला होईलच असं मी म्हणत नाही. पण पहिल्या कथेच्या आनंदात ही कटकट कशाला?

---

भडंगवाला

मला हे पटत नाही. खऱ्यावरची आहे म्हटलं की लोक वाचतात, नुसत्या कल्पनेला कोण विचारतो? आणि गावाकडच्या माणसांचं दुःख त्यांच्या नावानंच सांगितलं पाहिजे, नाहीतर लेखकाचं नाव होतं आणि काकू तशाच राहतात. तुम्ही उलट काकूंचा फोटो टाकून त्यांना मान द्यायला हवा.

---

कृष्णाकाठची सुमन

मान द्यायचा की नाही ते काकूंनी ठरवायचं ना? त्यांना कथा वाचून दाखवा आधी. मग त्या म्हणाल्या, माझं नाव घे, तर घ्या. नको म्हणाल्या तर विषय संपला.

---

भडंगवाला

वाचून दाखवा हे बरोबर. पण मग त्या हो म्हणाल्या तर वकीणबाईंच्या व्यापाऱ्याचं काय? त्यांनाही जाऊन विचारायचं का?

---

तासगावची वकीण

चांगला प्रश्न आहे. काकूंची परवानगी काकूंपुरती, व्यापाऱ्याचा प्रश्न तशानं सुटत नाही. म्हणून मी तरी 'काकूंना अर्पण' किंवा 'काकूंचे आभार' इथवर जाईन, 'काकूंची गोष्ट' इथवर नाही.

---

हरिपूररोड

काल संध्याकाळी काकूंकडं गेले. कथा वाचून दाखवली. मध्ये त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, कंदील दोरीनं नाही सोडायचे, आधी पेटती चिंधी टाकून बघायचे असं त्यांच्या यजमानांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मला जुन्या माणसांनी कंदीलच सांगितला. त्या म्हणाल्या, असेल, प्रत्येकाची रीत. नावाचं विचारलं तर म्हणाल्या, 'माझं कशाला? तुझं नाव छापलंय ना, बास.' तेव्हा नाव नाही.

नवा मसुदा:

"माझी पहिली कथा 'पेव' (इथं अंकाचं नाव) च्या यंदाच्या दिवाळी अंकात आली आहे, पान ११२. आनंद खूप आहे, अंक दोन दिवस पिशवीतच घेऊन फिरतेय.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर हमाली करणाऱ्या माणसाची ही गोष्ट त्याची बायको सांगते. पात्रं आणि प्रसंग कल्पनेतले आहेत. पेवं कशी भरत, कशी उघडत, हे तिथं आयुष्य काढलेल्या हमालांनी मला वेळ देऊन सांगितलं.

संपादकांनी सुचवल्यावर शेवटचा परिच्छेद काढला आणि कथा जास्त चांगली झाली. चित्र (चित्रकारांचं नाव) यांचं आहे.

सर्वांनी आवर्जून वाचावी आणि अभिप्राय द्यावा ही नम्र विनंती. आई-बाबा, गुरुजन, मित्रपरिवार यांचे आभार."

---

जुना मुद्रितशोधक

आता हा मजकूर तुमचा वाटतो. 'पिशवीतच घेऊन फिरतेय' यात आनंद पुरता आला, त्यामुळं आधीचं 'आनंद खूप आहे' काढलं तरी चालेल.

संपादकांबद्दलचं वाक्य मला फार आवडलं. एवढंच करा, की ते लिहिणार आहात हे संपादकांना कळवा. काही संपादकांना आपलं काम पडद्यामागं राहिलेलंच बरं वाटतं. आणि 'संपादकांनी' असं मोघम न लिहिता त्यांची हरकत नसेल तर नावानं लिहा.

शेवटची ओळ अजून जुन्या पत्रातली आहे. 'सर्वांनी आवर्जून वाचावी' म्हटल्यावर लोक 'अभिनंदन' लिहितात आणि पुढं जातात. तुम्हाला खरंच काय जाणून घ्यायचंय ते विचारा. बायको एवढी सविस्तर गोष्ट सांगते हे पटतं का, की कुठं लेखिकाच बोलतेय असं वाटतं? असा एक प्रश्न असेल तर वाचलेला माणूसच उत्तर देऊ शकतो.

आणि अंक कुठं मिळेल ते लिहा. ते नसलं की पहिली प्रतिक्रिया येते, 'पीडीएफ पाठव'.

---

हरिपूररोड

ती आलीच आहे, टाकायच्या आधीच! कार्यालयातल्या दोघांनी पीडीएफ मागितली. संपादकांनी मला मुद्रितं तपासायला पाठवलेली पीडीएफ आहे माझ्याकडं. ती द्यावी का?

---

जुना मुद्रितशोधक

ती देऊ नका. ती तुम्हाला तपासायला दिलेली होती, तपासणीच्या खुणा किंवा राहिलेल्या चुकाही तिच्यात असतील. आणि एकाला दिली की ती व्हॉट्सॲपवर कुठवर जाईल सांगता येत नाही. 'अंक माझ्याकडं आहे, वाचायला देते, परत द्या' असं सांगा. तुमच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असेल, तर हा अंक ते घेतात का ते विचारा. घेत असतील तरच मजकुरात लिहा. बरेच लोक अंक विकत घेत नाहीत पण योजनेतून वाचतात.

---

मिरजवेस

आभाराचं काय? आई-बाबा राहू द्या असं मला वाटतं. ते वगळलं तर घरी वाईट वाटेल.

---

कृष्णाकाठची सुमन

राहू द्या, पण 'गुरुजन, मित्रपरिवार' असा सगळ्यांचा गठ्ठा नको. ज्यानं खरंच काही केलं त्याचं एक वाक्य. आईनं पहिला खर्डा वाचला असेल तर ते लिहा. काही केलं नसेल तर घरी पेढे द्या, मजकुरात नाव नसलं तरी चालतं.

---

नाट्यपंढरीची लेक

एक शंका. 'पहिली कथा' लिहिताय. कॉलेजच्या वार्षिक अंकात काही आलं होतं का? मला उगाच कोणीतरी खाली लिहील म्हणून विचारते.

---

हरिपूररोड

एक कविता आली होती, आणि दुसऱ्या वर्षी एक गोष्ट, दीड पानाची. ती धरायची का?

---

जुना मुद्रितशोधक

माझ्या मते नाही. वार्षिक अंक कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुरता असतो. तुम्ही 'मासिकात पहिली' असं लिहिलं तर प्रश्नच येत नाही.

---

तासगावची वकीण

माझं मत वेगळं. ती पण छापलीच होती, कोणीतरी वाचलीच होती. 'कॉलेजनंतरची पहिली' लिहिलं तर जास्त खरं वाटेल, आणि तिथल्या ज्या सरांनी ती गोष्ट घेतली त्यांनाही बरं वाटेल.

---

हरिपूररोड

यावर अजून ठरत नाही. तूर्त 'मासिकात आलेली माझी पहिली कथा' असं ठेवतेय. बाकी मजकूर हा:

"मासिकात आलेली माझी पहिली कथा, 'पेव'. (अंकाचं नाव), दिवाळी अंक, पान ११२. अंक दोन दिवस पिशवीतच घेऊन फिरतेय.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर हमाली करणाऱ्या माणसाची गोष्ट त्याची बायको सांगते. पात्रं आणि प्रसंग कल्पनेतले. पेवांची माहिती तिथं काम केलेल्या हमालांनी वेळ काढून दिली, त्यांच्याशिवाय हे लिहिता आलं नसतं.

संपादक (नाव) यांनी शेवटचा परिच्छेद काढून बघायला सांगितलं आणि कथा तिथंच संपली. चित्र (नाव) यांचं.

आईनं पहिला खर्डा वाचला आणि म्हणाली, बायको एवढं बोलणार नाही. त्यानंतर तिची निम्मी वाक्यं काढली. आता वाचणाऱ्यांनाच विचारते: उरलेली तिची वाटतात का?

अंक दुकानात मिळेल, माझ्याकडचा वाचायलाही देईन."

संपादकांना निरोप पाठवला आहे. त्यांचं उत्तर आलं की टाकते. स्टेटसला मात्र फक्त मुखपृष्ठ आणि पहिली ओळ टाकणार आहे. ते एका दिवसात जातं आणि लांबलचक तिथं कोणी वाचत नाही.

---

भडंगवाला

चांगलं झालंय. तरी मला वाटतं शेवटी एखादा हात जोडल्याचा छोटा फोटो असावा. थोडं रूक्ष आहे.

---

वाळव्याचा शेतकरी

ताई, कथेचं एक पान टाकायचं हे कळलं. पण माझी कविता बारा ओळींची. समजा उद्या खरंच मासिकात आली, तर पान टाकलं की सगळीच कविता गेली. मग काय टाकायचं?

---

जुना मुद्रितशोधक

कवितेचं तसंच होतं. तिथं मुखपृष्ठ टाका आणि खाली दोन-तीन ओळी स्वतः लिहून काढा, ओळी जशा तोडल्यात तशाच ठेवून. मोबाइलवर लांब ओळ आपोआप दुमडते आणि कवितेचा आकार बदलतो. म्हणून आखूड ओळी निवडा. पुढचा अंक निघाला की संपादकांना विचारून पूर्ण कविता टाका, तेव्हा बहुतेक जण हो म्हणतात. आणि पाठवायची कुठं म्हणाल, तर आधी वाचनालयात जाऊन चार-पाच मासिकांचे अलीकडचे अंक चाळा. तुमच्यासारख्या कविता ज्यात येतात त्या अंकाच्या आतल्या पानावर संपादकीय पत्ता आणि ईमेल छापलेला असतो.

---

वाळव्याचा शेतकरी

वाचनालय इस्लामपुरात आहे, बाजाराला जातोच. हस्तलिखित चालतं का, का टाइप करून लागतं?